कंपनीतला शेवटचा दिवस: सहकाऱ्यांचे आणि साहेबांचे आभार मानणारं कॅप्शन कसं लिहावं

राजीनामा मंजूर झाला, नोटीस पिरियड संपत आला, नो ड्यूजच्या फॉर्मवर सह्याही होत आल्या. आता राहिलं ते शेवटच्या दिवसाचं कॅप्शन. पहिली किंवा दुसरी नोकरी सोडणारी मुलं इथे अडतात, कारण मनात खूप असतं आणि ते वाचणारे फार वेगवेगळे असतात. तेच चार ओळींचं लिखाण उद्याही त्याच साहेबांच्या हाताखाली काम करणारे मित्र वाचतात, एचआर वाचतं, कस्टमरकडची माणसं वाचतात आणि नव्या कंपनीतले लोकही वाचतात. मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम करतो. नोकरी बदलताना मी स्वतः हे लिहिलं आहे आणि नंतर विभागातल्या बऱ्याच जणांना लिहायला मदत केली आहे. त्यातून जी पद्धत जमली ती इथे क्रमाने देतो. उदाहरणं कारखान्यातली आहेत, पण बँकेत, दवाखान्यात किंवा आयटीत असाल तरी क्रम हाच ठेवा.

लिहायला बसण्याआधी जवळ काय हवं

- राजीनामा मंजूर झाल्याचं आणि शेवटची तारीख लिहिलेलं पत्र किंवा ईमेल. त्याची प्रत स्वतःकडे हवी, कारण ऑफिसचा मेल शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होऊ शकतो.
- नेमणुकीचं पत्र. त्यात गोपनीयतेचं कलम असतं. ते बहुतेक वेळा नोकरी संपल्यावरही लागू राहतं, म्हणून एकदा शांतपणे वाचा.
- कंपनीचे सोशल मीडियाचे नियम असतील तर ते. एचआरकडे मागितले की मिळतात.
- साधी वही. नावांची यादी मोबाइलवर न करता कागदावर करा; कोण सुटलं ते एका नजरेत दिसतं.
- एक फोटो, आणि त्यात जे जे आहेत त्यांचा होकार.

## १. कुठे टाकणार ते आधी ठरवा

लिंक्डइन, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम या तिन्ही ठिकाणी एकच मजकूर चिकटवला की कुठल्यातरी ठिकाणी तो विचित्र दिसतोच. लिंक्डइनवर तुमच्या धंद्यातली माणसं वाचतात आणि ते लिखाण वर्षानुवर्षं राहतं. तिथे 3,000 अक्षरांची मर्यादा आहे. इन्स्टाग्रामवर 2,200 अक्षरं चालतात, पण तिथे घरचे आणि कॉलेजचे मित्र जास्त असतात, त्यांना विभागांची नावं कळत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस 24 तासांत जातं, म्हणून तिथे दोन-तीन ओळी पुरतात.

मराठीत लिहिताना एक लक्षात ठेवा. मोजताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे धरले जातात. 'कंपनी' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण मोजला जातो पाच. तरीही मर्यादेची काळजी फारशी करावी लागत नाही, कारण चांगलं कॅप्शन दीडशे शब्दांच्या पुढे जात नाही. काळजी करायची ती पहिल्या दोन ओळींची. लिंक्डइन आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे सुरुवातीचा थोडा मजकूर दिसतो आणि बाकीचा दुमडला जातो. 'आज जड अंतःकरणाने निरोप घेत आहे' एवढंच दिसलं तर कोण, कुठून आणि किती वर्षांनी हे वाचणाऱ्याला कळत नाही. पहिल्या ओळीत कंपनी, काम आणि काळ या तीन गोष्टी आल्या पाहिजेत.

भाषेचंही इथेच ठरवा. विभागात सगळे मराठी असतील तर बिनधास्त मराठीत लिहा. साहेब तमिळ किंवा हिंदी भाषक असतील तरी मूळ मजकूर मराठीत ठेवायला हरकत नाही. त्यांच्याबद्दलच्या ओळी तेवढ्या त्यांना वाचता येतील अशा भाषेत खाली वेगळ्या द्या. एक ओळ मराठी, एक ओळ इंग्रजी अशी सरमिसळ केली की दोन्हीतला ओलावा जातो.

## २. नावांची यादी करा आणि प्रत्येक नावापुढे एक क्रियापद लिहा

वहीच्या पानावर डावीकडे नावं लिहा. उजवीकडे त्या माणसाने तुमच्यासाठी काय केलं ते लिहा, पण विशेषण वापरायचं नाही. 'खूप प्रेमळ', 'कायम हसतमुख', 'सपोर्टिव्ह' हे चालणार नाही. 'ड्रॉइंग वाचायला शिकवलं', 'पहिल्या पगाराआधी डब्यात वाटा दिला', 'ऑडिटच्या आदल्या रात्री थांबली' असं हवं. काही नावांपुढे झटकन लिहिता येतं, काहींपुढे पेन थांबतं. पेन थांबलं म्हणजे तो माणूस वाईट असा अर्थ नाही. त्याचे आभार जाहीरपणे मानायला तुमच्याकडे नेमकं काही नाही, इतकंच.

आता खरा अवघड निर्णय. बारा नावं लिहिली की तेरावा माणूस दुखावतो. आपल्याकडे पत्रिकेत नाव राहिलं तर लोक वर्षभर मनात धरतात, इथेही तेच होतं. माझं मत असं की जाहीर मजकुरात साहेबांखेरीज फार तर तीन नावं घ्यावीत, आणि ती घेण्याचं कारण त्याच वाक्यात सांगावं. कारण सांगितलं की 'माझं का नाही' हा प्रश्न उरत नाही. हा माणूस का आहे हे दिसतंच. बाकी सगळे विभागाच्या नावाने येतात. यादीतल्या उरलेल्या प्रत्येकाला कॅप्शन टाकायच्या आधी वेगळा निरोप पाठवायचा. वहीतल्या उजव्या रकान्यामुळे तो निरोप दोन मिनिटांत लिहून होतो, आणि त्या माणसाला जाहीर यादीतल्या सतराव्या नावापेक्षा तो जास्त जवळचा वाटतो.

तीन नावं निवडताना सगळी एकाच पायरीवरची नकोत. एक बरोबरीचा, एक कामगार किंवा ऑपरेटर आणि एक दुसऱ्या विभागातला, असं जमलं तर बघा. आणि नाव घेण्याआधी विचारा. कुणी स्वतः दुसरीकडे मुलाखती देत असतं, कुणाला घरच्या कारणाने सोशल मीडियावर नाव नको असतं. कंत्राटावरच्या माणसाचं नाव मुख्य कंपनीच्या नावाबरोबर आलेलं त्याच्या कंत्राटदाराला खटकू शकतं. होकार मिळाला नाही तर तोच उल्लेख 'पॅकिंगच्या मावशींनी' असा करता येतो. ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

## ३. साहेबांबद्दल लिहिताना प्रसंगाऐवजी सवय सांगा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे थोडं थांबतो.

साहेबांचे आभार मानताना आपल्याला आठवतात ते मोठे प्रसंग: काहीतरी बिघडलं होतं आणि त्यांनी सांभाळून घेतलं. पण असे प्रसंग बहुतेक वेळा एकट्या तुमचे नसतात. त्यात कस्टमरची तक्रार असते, कंपनीचं नुकसान असतं, दुसऱ्या कुणाची चूक असते. ते जाहीर लिहिलं की साहेबांचं कौतुक होण्याऐवजी कंपनीची आतली गोष्ट बाहेर पडते. आणखी एक प्रकार असतो. साहेबांनी माणुसकी म्हणून नियम थोडा वाकवलेला असतो. रजा शिल्लक नसताना जाऊ दिलं, उशिरा येऊनही हजेरी भरून घेतली. तुम्ही हे कृतज्ञतेने लिहाल, पण त्यांच्या वरिष्ठांनी वाचलं तर उत्तर साहेबांना द्यावं लागेल. अशा उपकाराचे आभार केबिनमध्ये समोर उभं राहून मानायचे, लिहायचे नाहीत.

मग लिहायचं काय? त्या माणसाची रोजची सवय. मोठ्या प्रसंगात ते जसे वागले त्याचं मूळ त्यांच्या रोजच्या वागण्यात असतं. ते नेहमी काय विचारायचे, चूक झाली की पहिलं वाक्य कुठलं असायचं, मीटिंगमध्ये कुणाला बोलू द्यायचे, अशा गोष्टींत गोपनीय काहीच नसतं. शिवाय त्या विभागातल्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, त्यामुळे वाचणारा प्रत्येक जण मान हलवतो. स्तुती खरी वाटते ती यामुळे.

'देवमाणूस', 'वडिलांसारखे', 'तुमच्याशिवाय मी शून्य' हे शब्द टाळा. तुमच्या मनात ते खरे असतील, पण उद्या याच साहेबांकडून रजा मागायची आहे अशा मित्रांना ते वाचून अवघडल्यासारखं होतं, आणि बहुतेक साहेबांनाही. त्याऐवजी त्या सवयीमुळे तुमच्यात काय बदललं ते एका वाक्यात सांगा. तेवढ्याने माणसाला जे पोचायचं ते पोचतं.

संबोधन ऑफिसात होतं तेच ठेवा. रोज 'सर' म्हणत होतात तर कॅप्शनमध्ये अचानक पहिल्या नावाने हाक मारू नका. काही ठिकाणी, विशेषतः आयटीत, साहेबांना नावाने आणि 'तू' म्हणून बोलतात. तिथे नाव तेच ठेवा, पण जाहीर मजकुरात 'यांनी शिकवलं', 'ते म्हणायचे' असं लिहिलेलं बरं दिसतं. कॅप्शन वाचणारे अनेक आहेत, म्हणून साहेबांशी थेट बोलण्यापेक्षा त्यांच्याविषयी बोलणं योग्य.

साहेबांशी पटलं नसेल तर? खोटं लिहू नका. विभागात सगळ्यांना माहीत असतं आणि ते खोटं लगेच ओळखू येतं. त्यांच्याकडून कामाची एक तरी गोष्ट शिकला असाल: ऑडिटची फाइल लावणं, कस्टमरला फोनवर उत्तर देणं, वेळ पाळणं. तेवढीच लिहा, बेताने. 'माझे रिपोर्टिंग मॅनेजर (नाव) यांच्याकडून ऑडिटची तयारी कशी करावी हे शिकलो' एवढं पुरे. तेही खरं नसेल तर सगळ्या विभागाचे आभार माना आणि कुणाचंच नाव घेऊ नका. मग एक नाव गाळलं असं दिसत नाही. मात्र 'बरे-वाईट अनुभव आले', 'माणसं ओळखायला शिकलो' अशी वाक्यं चुकूनही नकोत. लिहिणाऱ्याला ती मोघम वाटतात, पण वाचणारे लगेच विचारायला लागतात, हे कुणाबद्दल?

## ४. एक मसुदा घेऊन दुरुस्त करू

आमच्या विभागातल्या एका मुलीने सहा वर्षांनी नोकरी सोडली. तिचा पहिला मसुदा तिच्या परवानगीने देतो. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

> आज जड अंतःकरणाने कंपनीचा निरोप घेत आहे. सहा वर्षांचा हा प्रवास अविस्मरणीय होता. सर, तुम्ही देवमाणूस आहात, तुमच्याशिवाय मी काहीच नव्हते. मार्चमध्ये कस्टमरने अख्खा लॉट परत पाठवला तेव्हा तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत. आईच्या ऑपरेशनच्या वेळी रजा शिल्लक नसताना सांभाळून घेतलंत, हे कधीच विसरणार नाही. क्वालिटी, प्रॉडक्शन, स्टोअर, मेंटेनन्स, एचआर, कँटीन, सिक्युरिटी सगळ्यांचे आभार. काही लोकांनी त्रासही दिला, पण त्यांच्यामुळेच मी घडले. नवा प्रवास लवकरच!

यातली भावना शंभर टक्के खरी होती, मी साक्षीदार आहे. पण लॉट परत आल्याचं वाक्य कस्टमरची तक्रार उघड करतं, आणि ते वाचणाऱ्यांत दुसरे कस्टमरही असतात. रजेचं वाक्य सरांना अडचणीत आणू शकतं. त्रास देणाऱ्यांचं वाक्य सगळ्या आभारांवर सावट टाकतं. सात विभागांची रांग कुणालाच लागू होत नाही. आणि एवढं सगळं वाचूनही ही मुलगी काय काम करत होती ते कळत नाही.

मी तिला एकच विचारलं: 'लॉट परत आला त्या दिवशी सर आल्याआल्या काय म्हणाले?' ती म्हणाली, 'मोजलंस कसं ते दाखव, म्हणाले. नेहमी तेच म्हणतात ना.' मग पुढे आपणहून सांगत गेली. सर शेजारी उभे राहिले, गेज तिच्याच हातात ठेवला, आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये तिलाच बोलायला लावलं. तिला पाहिजे ते वाक्य इथे सापडलं. लॉटचा उल्लेख न करता त्या दिवसातली सगळी माया त्यात येत होती. दुरुस्त मसुदा असा झाला:

> चाकणच्या (कंपनीचं नाव) मध्ये आज माझा शेवटचा दिवस. सहा वर्षं मी इथे क्वालिटी विभागात होते. डिप्लोमा करून आले तेव्हा लाइन इन्स्पेक्टर होते, आज सीनिअर इंजिनिअर म्हणून जाते आहे.
>
> आमचे क्वालिटी हेड (नाव) सर यांचे मनापासून आभार. काही अडलं की सर आधी म्हणायचे, 'मोजलंस कसं, ते दाखव.' मग शेजारी उभे राहून माझ्याकडूनच मोजून घ्यायचे, आणि मीटिंगमध्ये माझ्या कामाबद्दल मलाच बोलायला लावायचे. सुरुवातीला भीती वाटायची. आज ऑडिटरसमोर मी न अडखळता बोलते, ती सवय सरांनी लावली.
>
> टूल घासलंय हे मशीनच्या आवाजावरून कसं ओळखायचं ते (नाव) काकांनी शिकवलं. स्टोअरच्या (नाव) दादांनी रजिस्टर नीट ठेवायची शिस्त दिली. आणि कंपनीच्या बसमध्ये (नाव) ने माझ्यासाठी जागा धरली नाही असा दिवस आठवत नाही.
>
> क्वालिटी, प्रॉडक्शन आणि टूलरूममधल्या सगळ्यांचा लोभ असाच असू द्या. माझा नंबर तोच आहे.

पहिल्या परिच्छेदात कंपनी, काम आणि काळ आला. 'इन्स्पेक्टर होते, इंजिनिअर म्हणून जाते आहे' यात कंपनीने दिलेली संधी न बोलता आली, त्यामुळे व्यवस्थापनाचे वेगळे आभार मानायची गरज उरली नाही. साहेब मध्यभागी आहेत. अगदी सुरुवातीला असते तर बाकीचे शेपटासारखे वाटले असते, शेवटी असते तर औपचारिक. काका, दादा आणि मैत्रीण यांच्या प्रत्येकाच्या वाट्याला एकच वाक्य आहे, पण त्यात कृती आहे. विभागही तीनच राहिले, ज्यांच्याशी तिचा रोजचा संबंध होता तेच. कँटीन आणि सिक्युरिटीच्या लोकांचा निरोप तिने शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष भेटून घेतला. त्यातले फारसे कुणी लिंक्डइनवर नसतात, तिथले आभार त्यांच्यापर्यंत पोचलेच नसते.

विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच मजकूर टाकला नाही. तिथे तिने लिहिलं: 'उद्यापासून ग्रुपमध्ये नसेन. सहा वर्षं सांभाळून घेतलंत, शिकवलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. पुण्यात आलात की फोन करा.' आणि मग ती स्वतःहून ग्रुपमधून बाहेर पडली. कंपनीच्या कामाचा ग्रुप असेल तर शेवटच्या दिवशी बाहेर पडणं हेच योग्य, अ‍ॅडमिनला काढायला लावू नये.

## ५. मोठ्याने वाचा, आणि साहेबांच्या ओळी आधी त्यांना दाखवा

मसुदा एकदा मोठ्याने वाचून पाहा. जे वाक्य तुम्ही साहेबांसमोर उभं राहून बोलू शकणार नाही ते जास्त भारी आहे, हलकं करा. उद्गारचिन्हं असतील तर एखादंच ठेवा.

मग साहेबांना त्यांच्याबद्दलच्या ओळी पाठवा: 'सर, तुमच्याबद्दल हे लिहिलं आहे, नाव घालून टाकू का?' काही साहेबांना आवडतं, काहींना नाव नको असतं. काही जण एखादा शब्द बदलायला सांगतात, तो निमूट बदला. यात परवानगीपलीकडे आणखी एक गोष्ट साधते: जगाने वाचायच्या आधी ते आभार ज्याचे त्याला मिळालेले असतात. जाहीर कॅप्शनवरूनच साहेबांना पहिल्यांदा तुमची कृतज्ञता कळावी, असं होऊ देऊ नका.

## ६. फोटो

बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर फोटो काढायला मनाई असते, गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. शेवटचा दिवस म्हणून कुणी डोळेझाक केली तरी तो फोटो टाकू नका. मागे फळ्यावर रिजेक्शनचे आकडे असतात, ट्रॉलीवर कस्टमरच्या नावाचा टॅग असतो, टेबलावर ड्रॉइंग पसरलेलं असतं, स्क्रीन चालू असते. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: फ्लोअरवर घाईत काढलेल्या फोटोत कुणीतरी सेफ्टी शूज किंवा गॉगलशिवाय दिसतं, आणि त्याचा जाब तुम्ही गेल्यावर सुपरवायझरला द्यावा लागतो.

ओळखपत्र गळ्यात असेल तर नुसतं उलटं करू नका, काढून खिशात ठेवा. पुढे फोटो आणि कर्मचारी क्रमांक असतो, मागे अनेकदा रक्तगट आणि घरचा फोन नंबर असतो. गेटबाहेर, कंपनीच्या पाटीजवळ किंवा चहाच्या टपरीवर काढलेला साधा फोटो सगळ्यात बरा. प्रकाशित केल्यावर मजकूर दुरुस्त करता येतो, पण लिंक्डइनवर आणि इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो बदलता येत नाही, पोस्टच काढावी लागते. म्हणून फोटो मोठा करून चारही कोपरे आधीच तपासा.

## ७. कधी टाकायचं

सकाळी नको. नो ड्यूजच्या सह्या, गेज आणि लॅपटॉप परत करणं, एचआरची शेवटची भेट हे सगळं आटोपून गेटबाहेर पडल्यावर, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी टाका. कारण असं की तुमच्याशी रोज बोलणाऱ्या कस्टमरच्या आणि सप्लायरच्या लोकांना तुमच्या जागी कोण येणार हे साहेबांकडून कळायला हवं. तुमच्या कॅप्शनवरून कळलं तर त्यांचे फोन साहेबांना जातात आणि त्यांची तयारी नसते. म्हणून दोन दिवस आधीच विचारून ठेवा, 'कस्टमरला कळवलंत का?' उत्तर नाही असेल तर कळवेपर्यंत थांबा.

ऑफिसच्या मेलवरून निरोपाचा मेल पाठवायचा असेल तर तो मात्र दुपारच्या आत पाठवा. अ‍ॅक्सेस कधी बंद होईल ते आयटीला आदल्या दिवशी विचारलेलं बरं.

रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचा हिशेब बऱ्याचदा नंतर येतो. ते यायचं आहे म्हणून कॅप्शन अडवून धरायची गरज नाही, पण शेवटची तारीख लेखी मिळाल्याशिवाय टाकू नका. तारीख पुढे ढकलली गेली तर जाहीर निरोप घेऊन पुन्हा सोमवारी गेटवर हजर व्हावं लागतं. आणि हिशेबाबद्दल काही वाद चालू असेल तर त्याचा एक शब्दही इथे नको. तो एचआरशी लेखी पत्रव्यवहारातच राहू द्या.

नव्या कंपनीचं नाव लिहू नका, रुजू झाल्यावर वेगळं लिहा. निरोपाच्या मजकुरात नव्या जागेचा आनंद आला की जुन्या लोकांचे आभार आपोआप बारीक होतात. लिंक्डइनच्या प्रोफाइलवर शेवटची तारीख भरताना `Notify network` बंद ठेवा, नाहीतर तुमच्या कॅप्शनच्या आधीच बातमी जाते.

## ८. नोकरी स्वतःहून सोडली नसेल तर

कपातीत नाव आलं असेल तर पहिली ओळ तशीच साधी ठेवा: 'आज माझा शेवटचा दिवस.' कारण सांगायचं असल्यास एका वाक्यात, राग आणि आकडे न घालता: 'आमच्या विभागातल्या काही जागा बंद झाल्या, त्यात माझीही होती.' इथे मात्र नव्या कामाचा उल्लेख हवा, कारण वाचणाऱ्यांतलाच कुणीतरी मदत करू शकतो. कुठलं काम येतं, कुठल्या गावात चालेल आणि कधीपासून मोकळे आहात ते आभारानंतर वेगळ्या परिच्छेदात स्पष्ट लिहा. अशा वेळी सहकाऱ्यांची नावं न घेतलेली बरी. जे आत राहिले आहेत त्यांचीही मनःस्थिती चांगली नसते.

## ९. टाकल्यानंतर

पहिल्या दिवशी प्रतिक्रिया खूप येतात. प्रत्येकाला 'धन्यवाद' लिहित बसण्यापेक्षा, ज्यांनी एखादी आठवण लिहिली त्यांना सविस्तर उत्तर द्या. 'कुठे चाललात?' असं कुणी जाहीर विचारलं तर 'फोनवर सांगतो' एवढं पुरे. कुणी कमेंटमध्ये कंपनीबद्दल कडवट लिहिलं तर त्यावर लाइकही करू नका. तुमचं मत म्हणून ते धरलं जातं. गरज वाटली तर ती कमेंट काढून टाका आणि त्या मित्राला फोन करून सांगा.

कुणाचं तरी नाव राहिल्याचं रात्री आठवेल. मजकुरात ते मागाहून घालू नका. बदल केल्याची खूण दिसते आणि नाव चिकटवल्यासारखं वाटतं. त्या माणसाला सरळ फोन लावा.